हेबीय अध्ययन

हेबीय अध्ययन : दोन तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) बरोबरीने क्रियाशील होत असतील, तर त्यांना जोडणारा संबंध दृढ होतो आणि अशा दृढीकरणातून अनुभव टिकून राहतो, या तत्त्वावर आधारलेली अध्ययनाची प्रक्रिया. डॉनल्ड ओल्डिंग हेब (१९०४–८५) या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे तत्त्व मांडले; त्यावरून हे नाव पडले. हेब यांच्या मूळ विधानात केवळ एककालिकतेचा उल्लेख नाही. पहिली कोशिका दुसरीला उद्दीपित करण्यात वारंवार भाग घेत असेल, तर त्या दोहोंमधील संबंधाची कार्यक्षमता वाढते, असे ते म्हणतात. म्हणजे पहिलीची क्रिया किंचित आधी आणि दुसरीची नंतर, हा क्रम त्यात गृहीत आहे.

एका तंत्रिका कोशिकेचा तंतू दुसरीपाशी जेथे संपतो, त्या संपर्कस्थानास सिनॅप्स म्हणतात. तेथे दोहोंमध्ये अतिशय अरुंद फट असते. पहिलीतून सुटलेले रसायन ती फट ओलांडून दुसरीवरील ग्राहींना चिकटते व संदेश पुढे जातो. हेब यांच्या मते स्मृतीचे स्थान या संपर्कस्थानांच्या कमीअधिक दृढतेत आहे.

गणितीय रूप : सिनॅप्सची दृढता एका संख्येने दर्शवितात, तिला भार म्हणतात. येणारा संकेत x, कोशिकेचा प्रतिसाद y आणि अध्ययनाचा वेग η मानल्यास भारातील बदल पुढील सूत्राने मिळतो :

```
Δw = η · x · y
```

दोहोंपैकी एक जरी शून्य असेल, तरी गुणाकार शून्य होतो व भार बदलत नाही. सूत्राचे सामर्थ्य त्याच्या स्थानिकतेत आहे. भार बदलण्यासाठी लागणारी सर्व माहिती त्या संपर्कस्थानाच्या दोन टोकांनाच मिळते. दूरच्या कोणत्याही कोशिकेची स्थिती कळावी लागत नाही. मात्र क्रियाशीलता ० किंवा १ या मूल्यांत मोजली, तर गुणाकार कधीच ऋण होत नाही. म्हणजे भार वाढतो, पण घटत नाही. या उणिवेचा परिणाम काय होतो, हे लहानशा उदाहरणाने स्पष्ट होईल.

पर्सेप्ट्रॉनवरील प्रयोग : पर्सेप्ट्रॉन हे एका तंत्रिका कोशिकेचे अतिशय सोपे प्रतिमान असून ते अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रँक रोझेनब्लॅट (१९२८–७१) यांनी १९५७-५८ मध्ये मांडले. येणाऱ्या प्रत्येक संकेतास त्याच्या भाराने गुणून बेरीज करावयाची. बेरीज शून्याहून अधिक झाली तर उत्तर १, नाहीतर ०, एवढीच त्याची रचना. रोझेनब्लॅट यांच्या प्रत्यक्ष यंत्रात ४०० प्रकाशविद्युत् घट होते आणि भार बदलण्याचे काम विद्युत् चलित्रांनी फिरणारे परिवर्ती रोधक करीत. आज तेच काम संगणकावर थोड्या ओळींत करता येते.

बँकेतील तिजोरीचा कप्पा उघडण्यास ग्राहकाची व बँकेची अशा दोन किल्ल्या लागतात. दोन्ही असतील तरच ‘उघड’ (१), अन्यथा ‘उघडू नको’ (०), हा नियम पर्सेप्ट्रॉनला शिकवावयाचा आहे. पुढील पायथन आज्ञावलीत किल्ल्या x1 व x2, अपेक्षित उत्तर t आणि प्रत्यक्ष उत्तर y आहे. b हा सदैव क्रियाशील असणाऱ्या एका जादा संकेताचा भार असून त्यामुळे उद्दीपनाचा उंबरठा वर किंवा खाली सरकतो. अध्ययनाचा वेग १ घेतला आहे.

```python
data = [((0,0),0), ((0,1),0), ((1,0),0), ((1,1),1)]

def train(rule):
    w1 = w2 = b = 0
    for r in range(6):
        wrong = 0
        for (x1, x2), t in data:
            y = 1 if w1*x1 + w2*x2 + b > 0 else 0
            wrong += (y != t)
            d = t if rule == "hebb" else t - y
            w1 += d*x1
            w2 += d*x2
            b += d
        print(rule, r + 1, w1, w2, b, wrong)

train("hebb")
train("perceptron")
```

दोन नियमांत फरक फक्त d ठरविणाऱ्या ओळीत आहे. हेब नियमात कोशिकेचा प्रतिसाद शिक्षकाने ठरवून दिलेला मानतात, म्हणून तेथे अपेक्षित उत्तर t हाच गुणक येतो. पर्सेप्ट्रॉन नियमात अपेक्षित व प्रत्यक्ष उत्तरांतील फरक, म्हणजे चूक, हा गुणक येतो.

हेब नियमाने चालविल्यास चौथे उदाहरण (दोन्ही किल्ल्या) तेवढेच भारांत भर घालते, कारण इतर तिन्हींत t शून्य आहे. पहिल्या फेरीअखेर w1, w2 व b हे तिन्ही १ होतात, सहाव्या फेरीअखेर ६ होतात आणि पुढेही वाढतच राहतात. दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीत ३ चुका होतात, कारण एकही किल्ली नसताना बेरजेत b उरतो व तो धन असतो. कप्पा कोणालाही उघडून मिळतो. कोशिकेने किल्ल्या व उत्तर यांचा संबंध टिपला खरा, पण केव्हा गप्प राहावे हे ती शिकली नाही.

पर्सेप्ट्रॉन नियमाने सहा फेऱ्यांत अनुक्रमे १, ३, ३, २, १ व ० चुका होतात. पहिल्या फेरीत घडते ते हेब नियमाप्रमाणेच. तिन्ही भार १ होतात. दुसऱ्या फेरीच्या आरंभी एकही किल्ली नसताना उत्तर १ येते. ही चूक –१ असल्याने b पुन्हा शून्यावर येतो. त्यानंतर फक्त दुसरी किल्ली असतानाही १ हेच उत्तर येते, तेव्हा w2 घटून ० व b घटून –१ होतो. अशा रीतीने वाढ व घट होत पाचव्या फेरीअखेर w1 = २, w2 = १, b = –२ असे भार स्थिरावतात. एकटी पहिली किल्ली असल्यास बेरीज ०, एकटी दुसरी असल्यास –१, दोन्ही असल्यास १ येते. सहाव्या फेरीत चूक नसल्याने d प्रत्येक वेळी शून्य राहतो आणि बदल आपोआप थांबतो. दोन्ही किल्ल्यांचे महत्त्व सारखे असूनही भार सारखे नाहीत. उदाहरणांचा क्रम बदलला तर हे आकडे बदलू शकतात. शिकलेले उत्तर एकमेव नसते, ते केवळ पुरेसे असते.

हेब नियमाची उणीव घटीच्या अभावात आहे, याचा पडताळा सहज घेता येतो. ‘नाही’ हे ० ऐवजी –१ ने दर्शविल्यास गुणाकार ऋणही होऊ शकतो. मग हेब नियम एकाच फेरीत w1 = २, w2 = २, b = –२ हे भार देतो व चारही उत्तरे बरोबर येतात.

पर्सेप्ट्रॉन नियमालाही मर्यादा आहे. ‘दोहोंपैकी नेमकी एकच किल्ली असल्यास उघड’ अशी अट data मध्ये घातली, तर फेऱ्या कितीही वाढविल्या तरी चुकांची संख्या शून्यावर येत नाही आणि भार हेलकावत राहतात. चार उदाहरणे कागदावर चार बिंदू म्हणून मांडल्यास ‘होय’ व ‘नाही’ यांना विभागणारी एकही सरळ रेषा काढता येत नाही, हे त्याचे कारण. मार्व्हिन मिन्स्की व सेमूर पॅपर्ट यांनी १९६९ मध्ये अशा मर्यादांचे सविस्तर विवेचन केले. उलट अशी रेषा अस्तित्वात असेल, तर हा नियम मर्यादित दुरुस्त्यांनंतर चुकांविना थांबतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे.

जैव सिनॅप्सशी तुलना : हेब यांचे विधान अनुमानात्मक होते. त्याला प्रायोगिक आधार टिमोथी ब्लिस व टेर्ये लोमो यांच्या १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मिळाला. त्यांनी भूल दिलेल्या सशांच्या मेंदूतील हिप्पोकँपस या भागाकडे जाणारे तंतू द्रुत विद्युत् स्पंदांच्या मालिकांनी उद्दीपित केले. त्यानंतर त्याच तंतूंवरील एकेका स्पंदास मिळणारा प्रतिसाद अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत वाढलेला आढळला. या आविष्कारास दीर्घकालिक दृढीकरण म्हणतात.

सूत्रातील गुणाकार येथे एका रेणूत घडतो. ग्राही कोशिकेच्या पटलावर एनएमडीए नावाचे ग्राही असतात व त्यांचा मार्ग एरवी मॅग्नेशियम आयनाने बुजलेला असतो. पहिल्या कोशिकेतून ग्लुटामेट सुटून ग्राहीस चिकटले, पण दुसरी कोशिका शांत असली, तर हा अडथळा कायम राहतो. दुसरी कोशिका उद्दीपित झाली की बदललेल्या विद्युत् विभवामुळे मॅग्नेशियम बाहेर ढकलले जाते. दोन्ही अटी एकत्र पुऱ्या झाल्या तरच कॅल्शियम आयन मोठ्या प्रमाणात आत शिरतात. त्यांमुळे सुरू होणाऱ्या रासायनिक क्रियांनी पटलावर एएमपीए या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींची संख्या वाढते व पुढचा संदेश अधिक परिणाम करतो. दोन किल्ल्यांनी उघडणारा कप्पा निसर्गाने अशा प्रकारे सिनॅप्समध्येच बसविलेला आहे.

आज्ञावलीत उघड झालेली उणीवही जैव सिनॅप्समध्ये भरून काढलेली आढळते. कॅल्शियम थोडे पण दीर्घकाळ शिरले, तर संबंध दृढ होण्याऐवजी दुर्बल होतो. तसेच पहिल्या कोशिकेचा स्पंद दुसरीच्या स्पंदापूर्वी सु. २० मिलिसेकंदांच्या आत आला तर दृढीकरण होते, परंतु क्रम उलटा असल्यास दुर्बलीकरण होते, असे १९९७ व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. हेब यांच्या विधानातील क्रमाचे महत्त्व त्यावरून पटते. शिवाय एखाद्या कोशिकेची एकूण क्रियाशीलता दीर्घकाळ जास्त राहिली, तर तिच्यावरील सिनॅप्सांची दृढता सरसकट कमी होते. त्यामुळे भार अमर्याद वाढत नाहीत.

पर्सेप्ट्रॉनमधील चुकीच्या संकेताशी सर्वांत जवळचे साम्य अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत) दिसते. तेथील प्रत्येक पुर्किंजे कोशिकेस एक लाखाहून अधिक समांतर तंतू येऊन मिळतात. आरोही तंतू मात्र एकच असतो. डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये व जेम्स अल्बस यांनी १९७१ मध्ये आरोही तंतूला शिक्षकाची भूमिका दिली. अल्बस यांच्या मते तो चुकीची सूचना आणतो व त्या क्षणी क्रियाशील असलेल्या समांतर तंतूंचे संबंध दुर्बल होतात. मासाओ इतो व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये असे दुर्बलीकरण प्रयोगाने दाखविले. येथे दोन तंतूंच्या सहक्रियेचा परिणाम हेब नियमाच्या उलट होतो, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

तरीही साम्य मर्यादितच आहे. आज्ञावलीतील भार शून्य ओलांडून धनाचा ऋण होऊ शकतो; उद्दीपक सिनॅप्स मात्र दुर्बल झाला तरी सहसा निरोधक बनत नाही, ते कार्य वेगळ्या कोशिका करतात. आज्ञावलीत प्रत्येक उदाहरणाचे बरोबर उत्तर आधीच पुरविलेले असते. मेंदूच्या बहुतेक भागांत असा तपशीलवार शिक्षक आढळत नाही. अपेक्षा व प्रत्यक्ष लाभ यांतील तफावत दर्शविणारा डोपामीनचा संकेत असतो, पण तो एकाच वेळी असंख्य सिनॅप्सांपर्यंत पसरतो आणि चूक नेमकी कोणत्या संबंधामुळे झाली हे सांगत नाही. सहक्रियेमुळे संबंध कसा दृढ होतो, हे पुष्कळसे उलगडले आहे. अनेक थरांतून जाणाऱ्या संदेशातील चुकीचा वाटा एकेका सिनॅप्सला कसा कळतो, हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.