पाकिटावरचे टक्के आणि दिवसभराचं मीठ

फरसाणाचं पाकीट उलटं करून पाहिलं की मागे एक बारीक अक्षरातला तक्ता दिसतो. ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, साखर, स्निग्ध पदार्थ आणि शेवटी सोडियम. त्याच्या शेजारी ‘% आरडीए’ असा एक रकाना असतो आणि बहुतेकांची नजर तिथपर्यंत पोचतच नाही. दिवसभरात काय काय पोटात गेलं याचा हिशेब घरच्या घरी करायचा तर हाच रकाना सगळ्यात कामाचा आहे.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबल नियमांनी हा रकाना ठरवून दिला. एका वाढणीतून दिवसाच्या गरजेचा किंवा मर्यादेचा किती हिस्सा मिळतो, ते त्यात टक्क्यांत द्यायचं असतं. भागायचं कशाने, तेही नियमातच आहे: प्रौढ माणसासाठी दिवसाला २००० किलोकॅलरी, एकूण स्निग्ध पदार्थ ६७ ग्रॅम, संपृक्त स्निग्ध २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. बिस्किटाचं पाकीट असो की नूडल्सचं, भाजक एकच आहे. म्हणून बिस्किटाचे ७ टक्के आणि फरसाणाचे ३० टक्के यांची सरळ बेरीज करता येते. फक्त बेरीज एकाच घटकाची करायची. साखरेचे टक्के सोडियममध्ये मिळवले तर त्या आकड्याला काहीच अर्थ राहत नाही.

दुसरी खूणगाठ अशी की सोडियम, साखर आणि स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत १०० टक्के हे गाठायचं ठिकाण नाही, ती कमाल मर्यादा आहे. साखरेची ५० ग्रॅमची मर्यादा तर मला सैलच वाटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार-मार्गदर्शिकेत साखर २० ते २५ ग्रॅमवर थांबवायला सांगितलं आहे. पाकिटावर २५ टक्के दिसले, तर या सल्ल्याच्या मापाने निम्मी साखर तिथेच संपते.

माझ्या नांदेडच्या बहिणीची मुलगी लातूरला मेडिकलच्या क्लासला आहे. मेसचं जेवण, दुपारी पाकिटातलं काहीतरी आणि रात्री अभ्यास करताना नूडल्स, असा तिचा दिवस. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनी बसून तिच्या एका दिवसाचं सोडियम मांडलं.

सकाळी चहाबरोबर बिस्किटं. पाकीट १०० ग्रॅमचं, एक वाढणी २५ ग्रॅमची, आणि वाढणीत सोडियम ७० मिलिग्रॅम, म्हणजे ३.५ टक्के. ती म्हणाली, “मामा, इतकंच ना!” पण तिने अर्धं पाकीट संपवलं होतं, म्हणजे दोन वाढण्या. टक्केही दुप्पट झाले, ७. बिस्किट जिभेला खारट लागत नाही, तरी त्यात सोडियम असतंच. फुगण्यासाठी घातलेल्या सोड्यातूनही ते येतं. फरसाणातही तसंच, मिठाखेरीज खार असतो. लेबलवर म्हणून मीठ नव्हे तर सोडियम लिहितात. त्याला अडीचने गुणलं की तितक्याच मिठाचा आकडा मिळतो.

फरसाणाचं पाकीट १५० ग्रॅमचं होतं. लेबलप्रमाणे त्यात ३० ग्रॅमच्या पाच वाढण्या, दर वाढणीला २४० मिलिग्रॅम, म्हणजे १२ टक्के. मैत्रिणीबरोबर वाटून खाल्लं तरी तिच्या वाट्याला ७५ ग्रॅम, अडीच वाढण्या आल्या. सोडियम ६०० मिलिग्रॅम, ३० टक्के. घरी तिला वजनकाट्यावर ३० ग्रॅम फरसाण मोजून दाखवलं. वाटीचा तळ जेमतेम झाकला गेला. लेबल खोटं बोलत नाही, पण वाढणी उत्पादकाच्या मापाची असते आणि आपली मूठ आपल्या मापाची.

रात्री ११च्या सुमारास नूडल्स. ७० ग्रॅमचं पाकीट, ७०० मिलिग्रॅम, ३५ टक्के. ती म्हणाली, “मसाला अर्धाच घातला तर?” कमी होईल, पण निम्मं होणार नाही, कारण मिठाचा काही भाग नूडल्सच्या वडीतही असतो.

आता जेवण. त्याला लेबल नाही. बहिणीने चौघांचं वरण आणि भाजी करताना घातलेलं मीठ आम्ही काट्यावर ठेवलं. ते ८ ग्रॅम भरलं, म्हणजे माणशी २ ग्रॅम, ८०० मिलिग्रॅम सोडियम, ४० टक्के. ज्वारीच्या भाकरीत तिच्याकडे मीठ घालत नाहीत, म्हणून तिथे शून्य. मेसचंही असंच धरलं, तर दोन जेवणांचे ८० टक्के. पापड १० ग्रॅमचा, १८० मिलिग्रॅम, ९ टक्के. लोणच्याची १० ग्रॅमची फोड त्या बरणीच्या लेबलप्रमाणे ४०० मिलिग्रॅम, २० टक्के. एवढीशी फोड जवळपास दोन वाढण्या फरसाणाच्या तोडीची, हे तिला पटायला वेळ लागला.

बेरीज: बिस्किटं ७, दोन जेवणं ८०, पापड-लोणचं २९, फरसाण ३०, नूडल्स ३५. एकूण १८१ टक्के, ३६२० मिलिग्रॅम, म्हणजे ९ ग्रॅम मीठ. यातला कुठलाच एक आकडा भीतीदायक नव्हता. पाकीट फक्त स्वतःपुरतं बोलतं, ताटाची बेरीज खाणाऱ्यालाच करावी लागते.

हिशेब कुठे चुकतो, तेही लक्षात ठेवावं. तक्त्यात ‘१०० ग्रॅममागे’ आणि ‘वाढणीमागे’ असे दोन रकाने असतील तर टक्के वाढणीचे असतात. मिलिग्रॅम एका रकान्यातून आणि टक्के दुसऱ्यातून उचलले की सगळं बिघडतं. ताळा सोपा आहे: वाढणीतलं सोडियम भागिले २०. उत्तर छापलेल्या टक्क्यांशी जुळलं पाहिजे, २४० भागिले २० म्हणजे १२. अमेरिकेतून भाचा-पुतण्यांनी आणलेल्या खाऊवर हा ताळा जुळत नाही, कारण तिकडे सोडियमची मर्यादा २३०० मिलिग्रॅम धरतात. ४६० मिलिग्रॅम तिथे २० टक्के, इथे २३. दुकानातून सुटं आणलेल्या शेव-चिवड्याला तर तक्ताच नसतो. त्याला सारख्या जातीच्या पाकिटाचा आकडा लावून अंदाज घ्यावा.

स्वयंपाकघराच्या मिठाला मात्र अंदाजाची गरज नाही. मिठाची पुडी फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहून ठेवायची. चौघांच्या घरात १ किलोची पुडी ३० दिवसांत संपली तर माणशी दिवसाला ८.३ ग्रॅम झालं. ५ ग्रॅमच्या मर्यादेत ती ५० दिवस पुरायला हवी, आणि पाकिटातलं खाणं असेल तर त्याहूनही जास्त. टाकून दिलेलं अन्न किंवा घरी घातलेलं लोणचं यांचं मीठ अर्थात वेगळं काढायचं.

लातूरला परतल्यावर भाचीने मेसच्या काकूंना हेच विचारलं. “पोरी, महिन्याला आठ पुड्या लागतात,” त्या म्हणाल्या. जेवणाऱ्या ५० मुली. ८००० ग्रॅम भागिले १५००, म्हणजे मुलीमागे दिवसाला ५.३ ग्रॅम. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे पाचवा हिस्सा अन्न उरतं, ते वजा केलं की ४ ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे आमचे ८० टक्के कमीच धरलेले निघाले, पण फार नाही. ८०च धरले तर उरतात २० टक्के, ४०० मिलिग्रॅम, आणि पापड, लोणचं, सगळी पाकिटं त्यातच बसवायची. तिने अर्धं पाकीट बिस्किटं आणि ३० ग्रॅम फरसाण निवडलं. त्यांचे मिळून ३८० मिलिग्रॅम होतात. लोणचं आता आठवड्याला एकदा, आणि त्या दिवशी बिस्किटं, फरसाण दोन्ही बंद.