थेट विमानाचे जादा भाडे मंजूर कसे करून घ्यावे

कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर भाड्यांची यादी स्वस्तापासून सुरू होते. सर्वांत कमी भाडे सोडून वरचे तिकीट मागितले, तर मंजुरी देणाऱ्याला लेखी कारण लागते. उद्या ऑडिटमध्ये प्रश्न त्यालाच विचारला जाणार असतो. ‘मधे विमान बदलताना दमायला होते’ हे खरे असले, तरी तेवढ्यावर सही करणे त्याला जड जाते. दोन तिकिटांऐवजी दोन दौऱ्यांचा पूर्ण खर्च समोर ठेवला, तर काम सोपे होते.

समजा, जानेवारीत मुंबईहून कोलकात्याला जायचे आहे आणि बैठक सकाळी अकराला आहे. थेट विमानाला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. पहाटे निघून बैठक गाठता येते आणि रात्री घरी परतता येते. दिल्लीमार्गे त्याच पहाटे निघाले, तर विमान बदलून वेळेत पोहोचण्याची खात्री नाही. त्यातच डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुके पडते, तेही नेमके पहाटे आणि सकाळी. म्हणजे स्वस्त तिकिटासाठी आदल्या दिवशी निघून मुक्काम करणे आले. हा हिशेब चिठ्ठीत असा मांडता येईल:

‘नमस्कार. मंगळवारच्या कोलकाता बैठकीसाठी थेट विमानाची मंजुरी हवी आहे. जाऊन-येऊन भाडे १७,००० रुपये, दिल्लीमार्गे १२,५००. फरक ४,५०० रुपये. दिल्लीमार्गे गेल्यास सोमवारीच निघावे लागेल: हॉटेल ५,०००, दैनिक भत्ता १,०००. एकूण खर्च १८,५००, म्हणजे थेट विमानाने १,५०० रुपये वाचतात आणि सोमवारची दुपार कामाला मिळते. दोन्ही भाड्यांचे एकाच वेळी घेतलेले स्क्रीनशॉट जोडले आहेत.’

स्क्रीनशॉट एकाच वेळचे हवेत, कारण भाडी तासातासाला बदलतात. दोन्ही तिकिटांत सामान आणि तारीख बदलण्याच्या अटीही सारख्या असाव्यात. नाहीतर तुलनाच चुकते. स्वस्त पर्याय दोन वेगळ्या तिकिटांचा असेल, तर तेही लिहावे. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही आणि नवे तिकीट त्या दिवशीच्या भावाने काढावे लागते. ही चिठ्ठी बुकिंगच्या आधी जावी. बिलासोबत नंतर जोडलेले कारण सबबीसारखे वाचले जाते.

मात्र बैठक संध्याकाळची असेल किंवा कोलकात्यात मुक्काम करायचाच असेल, तर हॉटेलचा खर्च दोन्हीकडे सारखाच येतो आणि वरचा हिशेब कोसळतो. अशा वेळी एकाच तिकिटावरचे, मधे पुरेसा वेळ असलेले दिल्लीमार्गेचे विमान घ्यावे.