आजीचं वाकडं हसू

आजीच्या जुन्या, धूसर फोटोत तिच्या ओठांचा डावा कोपरा जरा वर गेलेला आहे. एआय साधनानं फोटो स्वच्छ केला आणि ते हसू सरळ झालं. बाई देखणी दिसत होती, पण ती आजी नव्हती.

चेहरा सुधारणारी साधनं हजारो चेहऱ्यांवरून शिकलेली असतात. धूसर जागी मुळात काय होतं हे त्यांना कळत नाही, म्हणून ती तिथे नेहमीचा, सरासरी चेहरा भरतात. त्यात वाकडं नाक, लहानमोठे डोळे पुसले जातात. कोडफॉर्मरमध्ये यासाठी `w` हा आकडा असतो. तो ० कडे नेला की चेहरा गुळगुळीत होतो. १ कडे नेला की मूळ फोटोला धरून राहतो, मात्र धूसरपणाही थोडा उरतो. मी ०.८ पासून सुरुवात करते.

मग नवा फोटो अर्धपारदर्शक करून मूळ फोटोवर ठेवा आणि डोळे जुळवा. ओठ सरकले असतील तर तिथे दुहेरी कडा दिसते. तेवढ्याच भागावर मास्क लावून मूळ ओठ परत आणा. थोडे धूसर राहिले तरी राहू द्या, ते तिचेच आहेत.