तेंदूच्या फळ्या आणि पडद्यावरील पृथ्वी

चैत्र सरता सरता ब्रह्मपुरीच्या बाजारात तेंदूपत्त्याच्या गोष्टी सुरू होतात. गेल्या हंगामात माझ्या पुतण्याने भागीदारीत काही ग्रामसभांकडून पाने घेतली. नागभीड, सिंदेवाही आणि वैनगंगेपलीकडील आरमोरीच्या बाजूस मिळून त्याच्या चौदा फळ्या होत्या. फळी म्हणजे पानांचे संकलन केंद्र. तेथे सत्तर पानांचे पुडे मोजून घेतात, उन्हात वाळवितात आणि मग पोती भरून गोदामाकडे रवाना करतात. हंगाम संपला, वाहतूकदाराचे बिल आले आणि पुतण्या ते घेऊन माझ्यासमोर बसला. "काका, हा दर फेरीला किलोमीटर वाढवून लावतो आहे. तुम्ही बँकेत आयुष्यभर हिशेब तपासलेत, हेही तपासा."

आमच्या भागात एकाच नावाची गावे दोन-दोन, तीन-तीन तालुक्यांत सापडतात. त्यामुळे केवळ नावावरून अंतर काढणे धोक्याचे. सुदैवाने मुनीमाने प्रत्येक फळीवर मोबाईलमधून अक्षांश-रेखांश टिपून वहीत लिहून ठेवले होते. ती यादी संगणकावर घेऊन Google Earth Pro या कार्यक्रमात उतरवावी, असे मी ठरविले. पूर्वी यास वर्षाकाठी ३९९ डॉलर मोजावे लागत. २०१५ पासून तो विनामूल्य आहे.

पहिली अडचण वहीतच होती. गोदामाचे अक्षांश मुनीमाने 20.36.30 असे लिहिले होते, म्हणजे वीस अंश, छत्तीस मिनिटे, तीस सेकंद. एक्सेलमध्ये भरताना मुलाने मधला एक बिंदू गाळून 20.3630 केले. दिसायला आकडा निर्दोष. परंतु मिनिटे साठांची असतात, शंभरांची नव्हेत. खरे मूल्य 20.6083 येते. या एका चुकीने आमचे गोदाम सुमारे २७ किलोमीटर दक्षिणेस सरकले असते. अंश, मिनिटे आणि सेकंद तीन निरनिराळ्या रकान्यांत भरून पुढील सूत्र लावल्यास हा घोळ मिटतो:

```
=B2+C2/60+D2/3600
```

दुसरी चूक मात्र माझी स्वतःची. रकाने नीटनेटके दिसावेत म्हणून मी दशांशानंतर दोनच अंक दाखविण्याची सोय केली. एक्सेल स्वतःच्या फाईलमध्ये पूर्ण आकडा जपते, पण CSV करताना पडद्यावर जेवढे दिसते तेवढेच लिहिते. दोन अंकांवर थांबले की जागा अर्ध्या किलोमीटरपर्यंत हलू शकते. चार अंक ठेवले तर चूक काही मीटरांतच राहते. रुपये-पैशांत दोन अंकांची सवय लागलेल्या हाताने हे विशेष जपावे. फाईल CSV UTF-8 या प्रकारात जतन करावी, अन्यथा देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. आमची फाईल अशी सुरू होत होती:

```
name,lat,lon
गोदाम,20.6083,79.8583
```

यानंतर Google Earth Pro मध्ये File, त्यात Import निवडून ही फाईल उघडावी. कार्यक्रम क्रमाने तीन गोष्टी विचारतो. रकाने कशाने विभागले आहेत, याचे उत्तर Delimited आणि Comma. तेथेच UTF-8 ही लिपी निवडावी. अक्षांशाचा रकाना कोणता व रेखांशाचा कोणता, हा दुसरा प्रश्न. नाव हा मजकूर आणि बाकीचे आकडे, हे तिसऱ्या ठिकाणी सांगावयाचे. दुसऱ्या प्रश्नात lat आणि lon यांची अदलाबदल झाली तर ब्रह्मपुरीचे गोदाम नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्डच्या बर्फात जाऊन बसते. ही चूक निदान लपत नाही.

शेवटी style template हवा का, असे विचारले की होकार द्यावा आणि नावासाठी name हा रकाना निवडावा. एवढे करूनही पडदा रिकामाच दिसला, तेव्हा मी घटकाभर गोंधळलो. आलेल्या यादीपुढील चौकटीत खूण नसते; ती केली की सर्व खुणा एकदम उमटतात.

आता अंतर. वाद सिंदेवाही तालुक्यातील एका फळीचा होता. बिलात एका बाजूचे ६४ किलोमीटर लावले होते. Add मधून Path घेतला की एक लहान खिडकी उघडते. ती बंद न करता बाजूस सरकवावी आणि रस्त्यावर एकेक टिचकी देत जावे. बटन दाबून ओढू नये, नाहीतर रेघ थरथरत्या बिंदूंनी भरते. चुकलेला शेवटचा बिंदू उजव्या बटनाने पुसता येतो, आणि नकाशा पुढे सरकवायचा तर बाणांच्या कळा वापराव्यात. Measurements या पानावर लांबी आपोआप दिसत राहते.

मी उत्साहाने अकरा टिचक्यांत गोदाम ते फळी अशी रेषा पूर्ण केली. लांबी आली ५७ किलोमीटर. पुतण्याचा चेहरा खुलला. फेरीमागे सात किलोमीटरचा फरक! तो लगेच फोन लावावयास निघाला होता, मी थांबविले. ताळेबंद इतक्या सहज जुळला की मला नेहमीच संशय येतो. जवळ जाऊन पाहिले तर माझी रेषा प्रत्येक वळणाचा कोपरा कापून शेतांतून आणि झाडीतून चालली होती. ट्रक तसा जात नाही. मग प्रत्येक वळणावर दोन-तीन बिंदू देत दीड तास बसलो. लांबी ६१ झाली.

राहिलेल्या तीन किलोमीटरांसाठी चालकालाच बोलाविले. तो पडद्याजवळ वाकला आणि जंगलातील एका ओढ्यावर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, हा रपटा मागच्या पावसाळ्यात खचला. मोटारसायकल जाते, भरलेला ट्रक नाही जात. शेजारच्या गावावरून फिरून यावं लागते." चित्रात तर रपटा धडधाकट दिसत होता. तेव्हा खालच्या पट्टीवरील तारखेकडे लक्ष गेले. ते छायाचित्र दोन वर्षांपूर्वीचे होते. चालकाने दाखविलेल्या वाटेने रेषा पुन्हा वळविली; आकडा ६४ च्या आत-बाहेर आला. बिल खरे होते. पुतण्याने त्याच संध्याकाळी रक्कम चुकती केली.

वैनगंगेपलीकडील फळ्यांबाबत हीच सावधगिरी दुप्पट लागते. उन्हाळ्यातील चित्रात वाळूवरून गेलेल्या चाकोऱ्या रस्त्यासारख्या भासतात. त्यांवरून ओढलेली रेषा पुलावरून जाणाऱ्या ट्रकच्या उपयोगाची नसते.

यंदाच्या हंगामापूर्वी प्रत्येक फळीची वाट वेगळ्या रेषेत काढून, फळीचेच नाव देऊन, खुणांसह एका फोल्डरमध्ये ठेवली आहे. जतन करताना त्या फोल्डरवरच उजवे बटन दाबून Save Place As घ्यावे. एखाद्या रेषेवर दाबले तर तेवढीच एक रेषा फाईलमध्ये जाते. प्रकार KMZ ठेवला म्हणजे सर्व काही एका आटोपशीर फाईलमध्ये बसते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून नव्हे, दस्तऐवज म्हणून पाठवावी, आणि फोनमध्ये ती Google Earth मध्ये उघडावी. नेहमीचे Google Maps ती थेट घेत नाही. पाठविलेली प्रत मागाहून आपोआप सुधारत नाही, म्हणून आम्ही फाईलच्या नावातच तारीख घालतो.

एक गोष्ट वेळीच ध्यानात आली ती बरी. मुनीमाच्या यादीत फळीमुनशींचे दूरध्वनी आणि त्यांना दिलेल्या आगाऊ रकमाही होत्या. CSV मधील प्रत्येक रकाना खुणेमागे साठविला जातो आणि खुणेवर टिचकी देणाऱ्या कोणालाही वाचता येतो. ते दोन रकाने काढून आम्ही यादी पुन्हा आत घेतली, आणि मगच फाईल चालकांच्या गटात गेली.