खेळात जिंकला, खिडकीवर हरला

पणजीला मांडवीवरच्या कॅसिनो बोटीत माणूस दहा हजार रुपये मोजतो आणि तेवढ्याच्या चिप्स घेतो. पहाटे उतरताना चार हजारांच्या चिप्स उरल्या असतील, तर खिडकीवर चार हजारच मिळतात. चिपचा भाव रात्रभरात हलत नाही. क्रिप्टो कॅसिनोत चिपच्या जागी बिटकॉइन, इथर असली नाणी असतात आणि तिथली खरी गंमत टेबलापेक्षा खिडकीवर जास्त घडते.

एक उदाहरण घेऊ, आकडे सोयीचे धरून. बिटकॉइनचा भाव साठ लाख रुपये आहे. एकाने एक्स्चेंजवर तीस हजारांचे ०.००५ बिटकॉइन घेतले. कॅसिनोने त्याला जमा करण्यासाठी एक लांबलचक पत्ता दिला. पत्ता फक्त त्याच्यासाठी काढलेला, त्यामुळे ते आपलंच खातं आहे असं वाटतं. पण त्या पत्त्याची गुप्त किल्ली कॅसिनोकडे असते, आणि क्रिप्टोत ज्याच्या हाती किल्ली त्याचं नाणं. बिटकॉइनचे व्यवहार कुणालाही पाहता येतात. तिथे हा पत्ता टाकला, तर जमा झालेलं नाणं थोड्या वेळाने कॅसिनोच्या मोठ्या वॉलेटमध्ये ओढून घेतलेलं अनेकदा दिसतं. पडद्यावर दिसणारी शिल्लक म्हणजे कॅसिनोच्या वहीतली नोंद, दुकानदाराकडच्या उधारीसारखी. फक्त इथे उधार आपण दिलेली असते.

हे मोठं वॉलेट इंटरनेटला जोडलेलं ठेवावं लागतं, कारण पैसे काढायच्या मागण्या दिवसभर येत असतात. ४ सप्टेंबर २०२३ रोजी स्टेक या नावाजलेल्या कॅसिनोच्या अशाच वॉलेटांतून सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर गेले. चोरी उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीने केली, असं अमेरिकेच्या एफबीआयने दोनच दिवसांत जाहीर केलं. ग्राहकांचे पैसे सुरक्षित आहेत, असं स्टेकने सांगितलं. पण एवढा खड्डा भरून काढण्याची ऐपत प्रत्येक कॅसिनोकडे असेलच असं नाही. अनेक साइट ‘आमचा फासा खरा आहे, स्वतः तपासा’ म्हणून मिरवतात, आणि फाशाचा आकडा गणिताने पडताळता येतोही. गल्ल्यात पैसे आहेत का, हे मात्र त्या गणिताने कळत नाही!

आता भाडं. नाणं एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर न्यायचं, तर नेटवर्कला शुल्क द्यावं लागतं. बिटकॉइनमध्ये हे शुल्क रकमेवर नव्हे, तर व्यवहाराच्या नोंदीला लागणाऱ्या जागेवर आणि त्या वेळच्या गर्दीवर ठरतं. दोन हजार पाठवा की दोन कोटी, भाडं जवळपास तेच पडू शकतं. २० एप्रिल २०२४ रोजी गर्दी इतकी उसळली, की सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या वर गेलं. त्यावर एक्स्चेंज आणि कॅसिनो आपापली ठरावीक कपात लावतात, ती वेगळी.

आपल्या गड्याचे जाताना ०.०००१ बिटकॉइन कापले गेले, म्हणजे सहाशे रुपये. खात्यात ०.००४९ पोचले. नशीब चांगलं म्हणून खेळून ते ०.००५२ झाले. परत काढताना पुन्हा ०.०००१ गेले. जिंकले तीन, त्यातले दोन भाड्यात.

स्वस्त भाड्यासाठी लोक ट्रॉन नेटवर्कवरून यूएसडीटी पाठवतात. या नाण्याचा भाव डॉलरला बांधलेला असल्याने चढउतारही टळतो. फक्त दोन्हीकडे नेटवर्क एकच निवडलेलं हवं. ट्रॉनचा पत्ता T ने सुरू होतो, त्यामुळे तिथली चूक लगेच डोळ्यांत भरते. इथेरियम आणि बीएनबी चेनचे पत्ते मात्र दोन्ही 0x ने सुरू होतात. चुकीच्या चेनवर पाठवलेलं नाणं पत्त्यावर पोचतं, पण कॅसिनोच्या खात्यात चढत नाही. किल्ली त्यांच्याकडे असल्याने सोडवायचं की नाही, हे तेच ठरवणार.

आपला गडी बिटकॉइनवालाच राहिला. त्याने पैसे काढायची विनंती टाकली, तेव्हा कॅसिनोने ओळखपत्र मागितलं. जमा करताना कुणी काही विचारलं नव्हतं. तपासणीला दोन दिवस लागले आणि तेवढ्यात भाव चौपन्न लाखांवर आला. दोन दिवसांत दहा टक्के घसरण बिटकॉइनला नवी नाही. १२ मार्च २०२० रोजी एका दिवसात तो जवळपास चाळीस टक्के कोसळला होता. भाव वर गेला असता, तर हाच गडी स्वतःला मोठा खेळाडू समजला असता.

भारतात पैशांचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे. असल्या साइटचा परवाना बहुधा कुरासावसारख्या दूरच्या बेटाचा असतो. दोन दिवसांच्या विलंबाबद्दल दाद मागायची, तर त्या साइटच्या चॅटपलीकडे फारसं काही हाती नसतं.

शेवटी ०.००५१ बिटकॉइन एक्स्चेंजवर आले आणि २७,५४० रुपयांना विकले गेले. त्यातून एक टक्का टीडीएस कापला गेला. कॅसिनोच्या वहीत मात्र तो आजही ०.०००३ बिटकॉइनने जिंकलेला आहे.