बेरजेत पहिला, मुलाखतीत शेवटचा

बँकेतल्या अधिकारी पदाची मुलाखत पाच दिवसांवर आली आहे. उमेदवाराने चार वेगवेगळे कपडे घालून फोटो काढले आणि घरच्यांना विचारलं, ‘कुठला चांगला?’ आईला सूट आवडला, बहिणीला चौकड्यांचा शर्ट. असा घोळ घरोघरी होतो. मापाची बसण, औपचारिकपणा आणि रंगांचा मेळ हे तीन निकष लावून प्रत्येकाला पाचपैकी गुण दिले, तर निवड सोपी होईल असं वाटतं. पण ते गुण कसे वाचायचे, इथेच खरी मेख आहे.

त्याआधी फोटो एकमेकांशी तुलना करण्याजोगे हवेत. आरशासमोर फोन धरून काढलेल्या फोटोत हात वर गेल्याने शर्ट एका बाजूला ओढला जातो आणि खांद्याची शिवण सरकते. फोन खालून धरला तर पाय लांब दिसतात. म्हणून फोन छातीच्या उंचीवर टेकवून ठेवावा, टायमर लावावा आणि आठ-दहा फूट मागे उभं राहावं. उजेड दिवसाचा, खिडकीतून येणारा घ्यावा. पिवळ्या दिव्याखाली गडद निळी पँट सर्रास काळी दिसते. चौकटीत एक पांढरा कागद धरला की लगेच कळतं: तो पिवळट दिसला तर त्या फोटोतल्या रंगांवर विश्वास ठेवू नये.

आणि प्रत्येक पोशाखाचा एक फोटो बसलेला हवाच. उमेदवार मुलाखतीत उभा असतो जेमतेम मिनिटभर, बाकी सारा वेळ खुर्चीत. उभ्याने नेटका दिसणारा शर्ट बसल्यावर दोन बटणांच्या मध्ये फाकतो, पँट वर चढते आणि आखूड मोज्यांच्या वर नडगी उघडी पडते. साडी नेसणाऱ्या उमेदवारानेही बसून पदर आणि निऱ्या पाहाव्यात. पायांत त्या दिवशीच घालायच्या चपला असाव्यात, नाहीतर साडीची उंची चुकते.

आता या उमेदवाराचे चार फोटो पाहू. पहिला, भावाच्या लग्नातला काळा सूट: बसण 2, औपचारिकपणा 5, रंग 4. दुसरा, पांढरा शर्ट आणि गडद निळी पँट, पण पट्टा तपकिरी आणि बूट काळे: 4, 4, 3. तिसरा, आकाशी शर्ट आणि राखाडी पँट. रंग सुरेख, पण बसल्यावर छातीवर बटणं ताणलेली: 2, 4, 5. चौथा, चौकड्यांचा शर्ट, चिनो पँट आणि स्नीकर्स: 5, 2, 5.

बेरीज केली तर पहिले तिन्ही अकरावर अडकतात आणि बारा गुण घेऊन स्नीकर्सवाला पुढे जातो. बँकेच्या मुलाखत मंडळासमोर नेमका तोच सर्वांत गैरलागू. म्हणून औपचारिकपणा बेरजेत धरू नये, तो उंबरठा मानावा: तीनच्या खाली गेलेला फोटो बाजूला ठेवायचा. एखाद्या जाहिरात संस्थेत हाच उंबरठा खाली येईल आणि चौथा फोटो बाद होणार नाही.

उरलेल्या तिघांत प्रश्न असा, की कुठला दोष पाच दिवसांत दुरुस्त होतो? सूटची खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापाशी संपायला हवी. इथे ती दंडावर उतरली आहे. कंबर किंवा बाहीची लांबी शिंपी सहज कमी करतो, पण खांदा आत घ्यायचा तर बाही उसवून सगळं पुन्हा बसवावं लागतं. ते काम खर्चिक, आणि निकालाची खात्री नाही. तिसऱ्या शर्टाची अडचण उलटी. घट्ट कपडा सैल करायला शिवणीच्या आत जादा कापड लागतं आणि तयार शर्टात ते फारसं नसतं.

दुसऱ्या फोटोतला मोठा दोष फक्त पट्ट्याचा. काळा पट्टा आणला की रंगाचे गुण तिनावरून पाचावर जातात. पँटचा पाय बुटावर गोळा होतोय, तोही शिंपी तासाभरात आखूड करून देईल. बहुतेकांचं लक्ष आधी रंगांकडे जातं, पण तिन्हींत सर्वांत स्वस्तात सुधारणारी बाब तीच असते. म्हणून दुसरा फोटो पहिल्या क्रमांकावर. दुसऱ्या क्रमांकावर सूट, कारण कोट काढला की त्याची पँट पांढऱ्या शर्टाखाली चालते. आकाशी शर्ट तिसरा.

फोटोत न दिसणारी एक गोष्ट मात्र अंगावर घालूनच तपासावी लागते, ती म्हणजे घाम. मे महिन्यात रिक्षातून उतरल्यावर आकाशी आणि राखाडी कापडावर ओले डाग गडद उठून दिसतात. पांढऱ्यावर ते फारसे कळत नाहीत. पांढरा पातळ असेल तर आतली बनियन मात्र दिसते, तेव्हा कापड हातावर धरून उजेडात आधी पाहावं.