तापमापक कोठे टांगला?

उन्हाळ्यात वर्तमानपत्रात ‘पुणे ३९ अंश’ असे छापून येते, तेव्हा तो आकडा साऱ्या शहराचा आहे अशी आपली समजूत होते. वस्तुतः तो शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या आवारातील एका पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीतील तापमापकाचा असतो. हवामानखात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून आले म्हणून तेथील इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. थॉमस स्टीव्हनसन या स्कॉटिश अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही पेटी उघड्या जागी, सुमारे सव्वा मीटर उंचीवर उभी करण्याचा शिरस्ता आहे, आणि उघडल्यावरही आत ऊन शिरू नये म्हणून तिचे दार उत्तरेकडे ठेवतात. ही सारी खबरदारी एवढ्याचसाठी, की तापमापकाने हवेचे तापमान सांगावे, उन्हात तापलेल्या स्वतःच्या काचेचे नव्हे.

शाळेच्या परिसरात झाडाखालची हिरवळ, काँक्रीटचा चौक आणि इमारतीची गच्ची यांतील तफावत मोजायला निघालेल्या विद्यार्थ्यांचा पहिला अडथळा हाच असतो. उघडा तापमापक चौकात उन्हात धरला, तर तो हवेपेक्षा कित्येक अंश अधिक दाखवतो, आणि तोच झाडाखाली धरला की खरा आकडा सांगतो. सबब दोहोंतील फरक जागेचा नसून पुष्कळसा उन्हाचाच असतो. यावर उपाय सोपा आहे. प्लास्टिकच्या चार-पाच पांढऱ्या थाळ्या, मध्ये बोटभर अंतर सोडून, उपड्या एकावर एक बसवाव्यात, आणि खालच्या थाळ्यांना मधोमध पाडलेल्या भोकातून तापमापक वर सरकवून त्याचा फुगा मधल्या पोकळीत येऊ द्यावा, म्हणजे वारा खेळतो आणि ऊन लागत नाही. तत्पूर्वी सर्व तापमापक बर्फाचा चुरा व पाणी यांच्या मिश्रणात आणि नंतर एकाच बादलीतील कोमट पाण्यात शेजारी शेजारी बुडवून, कोणता किती पुढे वा मागे दाखवतो हे नोंदवहीत लिहून ठेवावे. शाळेच्या प्रयोगशाळेतील साध्या तापमापकांत एखाद्या अंशाची तफावत सहज निघते, आणि जो फरक शोधायचा तोही बहुधा तेवढाच असतो.

कारण एप्रिलच्या दुपारी अडीचच्या सुमारास, सव्वा मीटर उंचीवर आणि अशा आडोशात मोजल्यास, हिरवळीवरील आणि चौकातील हवेत बहुधा एक-दोन अंशांचाच फरक सापडतो. वारा दोन्हीकडची हवा सतत मिसळत असल्याने एवढ्या लहान आवारात याहून मोठा फरक टिकत नाही. कोणाच्या वहीत दहा अंश आढळले, तर आधी आडोसा तपासावा. खरी तफावत पायाखाली असते. तापमापकाचा फुगा नुसता फरशीवर टेकवला तर तो अर्धा हवेचाच राहतो; म्हणून लांबीच्या लहानशा गोळीने तो फरशीला चिकटवून दहा मिनिटे थांबावे. मग उन्हातले काँक्रीट पन्नास अंशांच्या आगेमागे, डांबराचा काळा थर दिलेली गच्ची साठाच्या घरात, आणि झाडाखालची ओली हिरवळ हवेहूनही काही अंश थंड, असे साधारण चित्र दिसते. चौकात उभ्या असलेल्या मुलाला भाजते ते मुख्यतः वरून येणाऱ्या उन्हामुळे आणि तापलेल्या फरशी-भिंतींतून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांमुळे. पेटीतला तापमापक त्यांपैकी काहीच मोजत नाही.

हिरवळ थंड का, याचा हिशेब शाळेतल्या गणिताने मांडता येतो. बारा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचा एक चौरस मीटर तुकडा घेतला, तर त्याचे वजन सुमारे २९० किलो भरते. तो सर्व जाडीभर १५ अंशांनी तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी अवघ्या दीड लिटर पाण्याची वाफ होण्यात खर्च पडते. उन्हाळ्यात उघड्यावरील, चांगले पाणी दिलेली हिरवळ प्रत्येक चौरस मीटरमागे दिवसाला चार-पाच लिटर पाणी हवेत सोडते. म्हणजे स्लॅब जी उष्णता साठवून ठेवतो, तिच्याहून कितीतरी अधिक उष्णता गवत वाफेच्या रूपाने निकालात काढते.

परंतु येथेच एक गफलत होते. झाडाखालच्या हिरवळीची उन्हातल्या काँक्रीटशी तुलना करताना सावली आणि ओलावा ही दोन कारणे एकत्र बांधली जातात, आणि श्रेय मात्र सगळे गवताच्या पदरी पडते. ती वेगळी करायची तर आणखी दोन जागा घ्याव्या लागतात: झाडाच्या सावलीतले काँक्रीट आणि उन्हातले गवत. दिवसभर दाट सावलीत असलेले काँक्रीट दुपारी हवेच्या तापमानाच्या जवळपासच राहते. उलट, पाण्यावाचून वाळलेल्या गवताचा पृष्ठभाग काँक्रीटच्या तोडीस तोड तापतो, कारण त्याला घाम गाळायला पाणी नाही आणि खालची कोरडी माती उष्णता झटकन पोटात घेत नाही. आदल्या संध्याकाळी माळ्याने पाणी दिले होते काय, याची नोंद वहीत नसेल, तर हिरवळीच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

गच्चीची कैफियत सूर्यास्तानंतर सुरू होते. दुपारी वरून शिरलेली उष्णता स्लॅबमधून उतरून खालच्या छतापर्यंत पोहोचायला काही तास लागतात, आणि वर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा असेल तर त्याहूनही अधिक. म्हणून वरच्या मजल्यावरील वर्गाचे छत संध्याकाळी सर्वांत तप्त असते, आणि नेमक्या त्याच वेळी गच्चीचा वरचा पृष्ठभाग मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडून निवू लागलेला असतो. घरात उकाडा आणि गच्चीवर झोप, या आपल्या उन्हाळ्यातल्या अनुभवाचे कारण हेच. इमारतींनी वेढलेल्या चौकाला आकाशाचा एवढा मोठा तुकडा दिसत नाही, भिंतींची उष्णता भिंतींकडेच फिरत राहते, आणि म्हणून रात्री तो सर्वांत उशिरा निवतो. झाडाची सावलीही रात्री असेच छप्पर बनते: पहाटे उघडी हिरवळ झाडाखालच्या हिरवळीपेक्षा बहुधा थंडच सापडते.

तेव्हा सकाळी सात, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सात या तीन वेळा मुक्रर कराव्यात, सर्व जागांची मोजमापे दहा-पंधरा मिनिटांच्या आत उरकावीत, आणि प्रत्येक आकड्यापुढे उंची, ऊन की सावली, वारा आणि जमिनीचा ओलावा यांचा तपशील लिहावा. त्यावाचून ‘आमची शाळा इतके अंश थंड’ हे वाक्य निराधार ठरते. या तपशिलावरून शाळेच्या व्यवस्थापनाला द्यावयाचा सल्लाही स्पष्ट होतो. खेळणाऱ्या मुलांसाठी प्रथम सावली हवी, मग ती काँक्रीटवर पडली तरी चालेल. उन्हाळ्यात ज्या हिरवळीला पाणी पुरवता येणार नाही, तिच्यावर खर्च करू नये. आणि वरच्या मजल्यावरील वर्गांसाठी गच्चीला उन्हाळ्याच्या तोंडी पांढरा चुना मारावा, कारण स्लॅबमध्ये शिरलेली उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती शिरूच न देणे कितीतरी स्वस्त पडते.